एकच बॅनर सगळीकडे नको: रानभाज्यांच्या एका कार्यक्रमाची पोस्ट चार ठिकाणी कशी बसवायची

कार्यक्रम ठरला की पहिला फोन जातो फ्लेक्सवाल्याला. तो दहा बाय सहाचा फ्लेक्स करतो, त्याचीच जेपीजी आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो, आणि मग ती एकच जेपीजी गटांत, स्टेटसला, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर अशी सगळीकडे फिरते. फ्लेक्स हा रस्त्यापलीकडच्या माणसाला वाचता यावा म्हणून केलेला असतो. मोबाइलवर तो जेमतेम सात सेंटिमीटर रुंद होतो. पाहुण्यांची नावं मुंगीएवढी, पत्ता त्याहून बारीक, आणि इन्स्टाग्रामवर तर दोन्ही बाजू कापल्या गेल्यामुळे तारीखच गायब.

हे टाळायला डिझायनर लागत नाही. एक फोटो, फोनमधलं कुठलंही साधं डिझाइन ॲप आणि एक संध्याकाळ पुरते. कसं करायचं ते एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, अकोले तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका रविवारी, २८ जूनला पुण्यात कोथरूडला रानभाज्या घेऊन येणार आहेत. शेवळं, टाकळा, फोडशी, कुर्डू. सकाळी १० ते दुपारी ३, कर्वे पुतळ्याजवळच्या शाळेचा हॉल. भाज्या विकायच्या आहेत, आणि त्या निवडायच्या कशा, शिजवायच्या कशा हेही सांगायचं आहे. प्रचाराची जबाबदारी तुमच्यावर आली आहे.

आधी एकच प्रश्न: वाचणाऱ्याला काय माहीत आहे?

मापं नंतर. आधी कागद घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तुमची पोस्ट कोणापुढे येणार हे लिहा. व्हॉट्सॲपवर बहुतेक जण तुम्हाला ओळखतात. त्यांना तुमच्यावर विश्वास आहे, फक्त कधी, कुठे, किती वाजता हे हवं आहे. कोथरूडच्या फेसबुक ग्रुपमधली माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, पण भाग ओळखतात. ‘कर्वे पुतळा’ म्हटलं की पुरतं. तिथे अडचण वेगळी आहे: रोज जाहिराती बघून ती कंटाळलेली असतात, त्यामुळे ही जाहिरात नाही हे पहिल्या वाक्यात कळायला हवं. इन्स्टाग्रामवर पोस्ट पाहणाऱ्याला तुम्हीही माहीत नाही आणि जागाही नाही. तो नागपुरात बसलेला असू शकतो, त्याने शेवळं हा शब्दही ऐकलेला नसेल. शिवाय त्याला अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला वाटण्याचा दाट संभव आहे. म्हणून तिथे ‘अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले’ असं लिहावं लागतं. व्हॉट्सॲपवर तेच लिहिलं तर फुकट ओळ वाढते.

या तीन उत्तरांतूनच फोटो, मजकूर आणि भाषा ठरते.

फोटो काढताना चारी बाजूंना हवा सोडा

बॅनरपासून सुरुवात करू नका, मूळ फोटोपासून करा. टोपलीतल्या शेवळांचा फोटो काढताना टोपली चौकटभर भरायचा मोह होतो. तसं केलं की पुढे कुठलंही माप काढताना काहीतरी कापलं जातं. दोन पावलं मागे या. फोन उभा धरा, नेहमीच्या ४:३ मोडमध्ये ठेवा, खिडकीचा उजेड घ्या, आणि टोपली मधोमध ठेवून भोवती घोंगडी किंवा जमीन दिसू द्या.

किती जागा सोडायची याचं गणित सोपं आहे. बारा मेगापिक्सेलचा उभा फोटो साधारण ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच असतो. स्टेटस आणि स्टोरी ९:१६ या मापाची, म्हणजे उंच आणि अरुंद. पूर्ण उंची ठेवून ती कापली तर रुंदी उरते २२५०. फेसबुक इव्हेंटचं कव्हर आडवं, १९२० × १००५. पूर्ण रुंदी ठेवून ते कापलं तर उंची उरते साधारण १५७०. याचा अर्थ, फोटोच्या मध्यभागी २२५० × १५७० चा जो पट्टा आहे, तो कुठल्याही मापात शाबूत राहतो. टोपली आणि ती धरलेले हात या पट्ट्यात आले पाहिजेत. फोनच्या कॅमेऱ्यात ग्रिडच्या रेघा चालू करा. मधल्या चौकोनापेक्षा उंचीला थोडा मोठा आणि रुंदीला दुपटीहून जास्त असा हा भाग असतो, अंदाज लगेच बसतो.

हा मूळ फोटो तुमच्या फोनमध्येच राहिला पाहिजे. ज्याने काढला त्याने तो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि बारकावे जातात. तोच फोटो परत इन्स्टाग्रामवर चढवला की तो आणखी एकदा दाबला जातो. मूळ फोटो मागताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा, किंवा ड्राइव्हची लिंक घ्या. लोकांना पाठवताना मात्र डॉक्युमेंट नको. गटात फाइलचं नुसतं नाव दिसतं आणि कोणी उघडत नाही.

फोटोवरची अक्षरं

मोबाइलच्या पडद्यावर १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र सुमारे सात सेंटिमीटरमध्ये बसतं, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण १५ पिक्सेल. त्यामुळे १०८० रुंदीच्या चित्रावर ४० पेक्षा लहान आकाराची अक्षरं टाकूच नका, आणि तारीख-वेळ ७०-८० च्या पुढे ठेवा. तेवढ्या आकारात सगळा मजकूर बसत नसेल तर मजकूर जास्त आहे. प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन, आभार हे फ्लेक्सवर शोभतं, इथे काढून टाका.

आपल्या लिपीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बसवलेलं टेम्प्लेट घेतलं की दोन ओळी एकमेकींत घुसतात आणि ‘फोडशी’ची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला चिकटते. ओळींमधलं अंतर मुद्दाम वाढवा. चित्र सेव्ह झाल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. काही ॲप्समध्ये लिहिताना ‘कुर्डू’ नीट दिसतं आणि बाहेर काढलेल्या चित्रात रफार सुटतो किंवा पाय मोडलेला दिसतो. तसं झालं तर फॉन्ट बदलून पाहा. Mukta किंवा Baloo यांसारखे युनिकोड फॉन्ट सहसा त्रास देत नाहीत.

रंगाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हिरव्या पाल्यावर लाल अक्षरं नकोत. जेपीजी दाबली जाते तेव्हा उजेड-अंधाराचा तपशील बराच जपला जातो, पण रंगांचा तपशील कमी केला जातो. लाल आणि हिरवा यांची कड आधी विस्कटते आणि अक्षरांभोवती मळकट ठिपके उठतात. फोटोच्या मोकळ्या भागावर गडद पट्टी टाकून पांढरी अक्षरं ठेवली तर दोनदा फॉरवर्ड झाल्यावरही ती वाचता येतात.

फ्लेक्सवाल्याकडूनच काही घ्यायचं असेल तर दोन अडचणी येतात. त्याची फाइल छपाईच्या रंगांत असते, ती तशीच चढवली तर रंग भडक किंवा मेलेले दिसतात. त्याला ‘आरजीबीमध्ये जेपीजी दे’ असं सांगा. दुसरं, बऱ्याच ठिकाणी मजकूर अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतो. तो कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. तो मजकूर दुरुस्त करत बसू नका, फोनवर नव्याने टाइप करा.

व्हॉट्सॲप: चित्र एकटं फिरणार आहे असं धरा

इथे चित्रावर सगळं लागतं: तारीख, वार, वेळ, जागा, फोन नंबर. कारण कोणीतरी ते सेव्ह करून सोसायटीच्या गटात टाकणार आणि खालचा मजकूर मागेच राहणार. गटासाठी १०८० × १३५० हे उभं माप ठेवा. याहून फार उंच चित्र केलं तर गप्पांच्या खिडकीत ते वर-खाली कापून दिसतं. पाठवताना एचडीचा पर्याय निवडा, बारीक अक्षरं त्याने टिकतात.

चित्रासोबत जाणारा मजकूर असा:

```
*रानभाज्या, रविवार २८ जून*
सकाळी १० ते दुपारी ३
शाळेचा हॉल, कर्वे पुतळ्याजवळ, कोथरूड

शेवळं, टाकळा, फोडशी, कुर्डू. अकोल्याच्या बायका
पहाटे खुडून आणणार आहेत. शेवळं शिजवायची
कशी तेही सांगतील. पिशवी घेऊन या.
भाजी संपली की संपली, म्हणून लवकर आलात तर बरं.
```

तारांकनांमधली ओळ व्हॉट्सॲपवर ठळक दिसते. हाच मजकूर फेसबुकवर चिकटवला की त्या चांदण्या तशाच उमटतात, आणि पोस्ट दुसरीकडून उचलून टाकली आहे हे एका नजरेत कळतं. ‘आपणास कळविण्यास आनंद होतो की’ इथे नको. ओळखीच्या काकूंना आपण समोर भेटून जसं सांगू, तसंच लिहायचं. ‘पिशवी घेऊन या’ ही ओळ साधी वाटते, पण ती वाचून बाई मनाने बाजारात पोचलेली असते.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एक मर्यादा आहे. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नाही त्यांना तो संदेश पोचतच नाही. शंभर जणांची यादी केली म्हणजे शंभरांना गेलं असं धरू नका.

स्टेटससाठी वेगळं चित्र करा, १०८० × १९२०. वरच्या टोकाला तुमचं नाव येतं, खाली उत्तर देण्याची जागा. इन्स्टाग्रामच्या स्टोरीतही तेच. म्हणून वरचे साधारण २५० आणि खालचे ३४० पिक्सेल अक्षरांविना सोडा, तिथे नुसता फोटो असू दे. गटाचं चित्रच स्टेटसला लावलं तर वर-खाली पट्ट्या येतात. ते चालतं, पण तीन सेकंदांत वाचायचं चित्र आहे, तारीख जितकी मोठी तितकी बरी.

इन्स्टाग्राम: आधी भाजी दिसू द्या

इथे चित्रावरचा मजकूर जवळजवळ काढून टाका. शेवळांचा फोटो आणि त्यावर फार तर ‘शेवळं. फक्त पावसाच्या तोंडावर.’ एवढंच. शेवळाचा तो तपकिरी-जांभळा कोंब ज्याने कधी पाहिलेला नाही, तो माणूस ‘हे काय आहे?’ म्हणून थांबतो. तारखेने सुरू होणारं चित्र तो वर सरकवून देतो.

माप १०८० × १३५० ठेवा. याहून रुंद चित्र दिलं तर इन्स्टाग्राम ते स्वतःच १०८० वर आणतं, म्हणून आपणच त्या मापात काढलेलं बरं, कड स्वच्छ राहते. प्रोफाइलवरचे छोटे चौकोन जानेवारी २०२५ पासून उभे, ३:४ झाले आहेत. १०८० × १३५० चं चित्र त्यात बसवताना दोन्ही बाजूंनी साधारण ३४ पिक्सेल कापले जातात, तेव्हा अक्षरं कडेपासून शंभरेक पिक्सेल आत ठेवा. जुनी टेम्प्लेट्स चौकोनी चौकटीचा विचार करून केलेली असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

एकाच पोस्टमध्ये तीन-चार चित्रं देता येतात, आणि या विषयाला तीच रचना शोभते. पहिलं शेवळांचं. दुसरं निवडणाऱ्या हातांचं. तिसरं काकडांचं, म्हणजे शेवळांत घालायच्या आंबट रानफळांचं, कारण शेवळं काकडांच्या आंबट रसाशिवाय किंवा चिंच-कोकमाशिवाय शिजवली तर घसा खाजतो. ही माहिती इतकी नेमकी आहे की लोक पोस्ट सेव्ह करून ठेवतात. शेवटचं चित्र तारीख-वेळ-पत्त्याचं. सगळ्या चित्रांचं माप एकच ठेवा, नाहीतर पहिल्याच्या मापात बाकीची कापली जातात.

कॅप्शनच्या पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात, पुढचं ‘more’ दाबल्यावर. म्हणून सुरुवात अशी:

> शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. काकडं घातली की खाज जाते. २८ जूनला पुण्यात ही भाजी मिळेल, शिकायलाही मिळेल.
>
> अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या बायका शेवळं, टाकळा, फोडशी आणि कुर्डू घेऊन येतायत. रविवार, सकाळी १० ते ३, कोथरूड, कर्वे पुतळ्याजवळ. पूर्ण पत्ता शेवटच्या चित्रात, नकाशाची लिंक प्रोफाइलवर. तुमच्या घरी शेवळांत काय घालतात, ते खाली सांगा.

कॅप्शनमध्ये चिकटवलेली लिंक इथे दाबता येत नाही, म्हणून ती प्रोफाइलवर ठेवावी लागते. हॅशटॅग तीन-चार पुरेत: #रानभाज्या #शेवळं #पुणे. देवनागरीत चालतात, मात्र दोन शब्दांमध्ये जागा सोडली की टॅग पहिल्या शब्दावरच तुटतो.

फेसबुक: इथे मजकूर वाचला जातो

कोथरूडच्या ग्रुपमध्ये चित्र कमी महत्त्वाचं. एक साधा फोटो, शक्यतो माणूस असलेला, त्यावर एकही अक्षर नाही. ॲडमिन बॅनर पाहिलं की जाहिरात म्हणून उडवतात. आधी नियम वाचा, शंका असेल तर विचारून टाका. मजकूर मात्र आठ-दहा ओळींचा चालतो, कारण इथे लोक खरोखर वाचतात आणि खाली आपली आठवण लिहितात.

> पावसाच्या सुरुवातीला डोंगरात उगवणारी शेवळं पुण्याच्या मंडईत सहज मिळत नाहीत. अकोल्याच्या काही बायका दर पावसाळ्यात ती खुडतात, पण विकायला जवळचा बाजार सोडून जाता येत नाही. या रविवारी त्या कोथरूडला येत आहेत. मधला दलाल नाही, पैसे थेट त्यांच्या हातात. २८ जून, सकाळी १० ते ३, कर्वे पुतळ्याजवळ शाळेच्या हॉलमध्ये. ज्यांच्याकडे आई-आजी टाकळा करायच्या त्यांनी नक्की या, आणि कसा करायच्या ते इथे लिहा.

पत्त्याची लिंक इथे थेट देता येते. शिवाय वेगळा इव्हेंट करून ठेवा, म्हणजे ‘येणार’ म्हणणाऱ्यांना आठवण जाते. त्या कव्हरला तुमच्या फोटोतला मधला आडवा पट्टा कामाला येतो.

खाली प्रश्न आले की उत्तर त्याच सुरात द्या. ‘डीएम केलं आहे’ हे उत्तर या ग्रुपमध्ये लोकांना आवडत नाही, आणि रास्त आहे. भाव काय, पार्किंग कुठे, हे सगळ्यांना हवं असतं.

एक्स, असलंच तर

२८० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीत ती लवकर संपते, कारण प्रत्येक काना, मात्रा आणि पाय मोडण्याचं चिन्ह वेगळं मोजलं जातं. ‘महोत्सव’ डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, मोजणीत सात भरतो. लिंक कितीही लांब असो, २३ धरली जाते. म्हणून एकच गोष्ट सांगा: कोण, काय घेऊन, कधी, कुठे. तिथे तुमचं कोणी नसेल तर सोडून द्या. तीन ठिकाणी नीट केलेली पोस्ट चार ठिकाणच्या घाईपेक्षा जास्त माणसं आणते.

टाकण्याआधीची तपासणी

चित्र स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा, तिथून सेव्ह करा आणि पुन्हा पाठवा. लोकांपर्यंत ते याच अवस्थेत पोचणार आहे. मग घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, उजेड अर्ध्यावर आणा, आणि चष्मा लागणाऱ्या कोणाला तरी वेळ वाचायला सांगा. वाचताना चित्र बोटांनी मोठं करावं लागलं तर अक्षरं वाढवा. इन्स्टाग्रामवर टाकल्यावर प्रोफाइल उघडून छोटा चौकोन पाहा. फेसबुकवर नेहमीच्या खात्याऐवजी दुसऱ्याच्या फोनवरून पोस्ट बघा.

चित्रातली तारीख आणि जागा मजकुरातही लिहिलेली असू द्या. जे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतात त्यांना चित्रातली अक्षरं नीट मिळतीलच असं नाही. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि एक्सवर चित्राचं वर्णन लिहायची वेगळी सोय आहे. ‘टोपलीत शेवळांच्या जुड्या, शेजारी काकडं’ एवढी ओळ पुरते.

चूक झाली आहे हे प्रश्नांवरून ओळखता येतं. व्हॉट्सॲपवर ‘किती वाजता?’ असे दोन-तीन प्रश्न आले की चित्रावरची वेळ दिसत नाही. इन्स्टाग्रामवर ‘हे कुठे आहे?’ विचारतात तेव्हा शहराचं नाव पहिल्या दोन ओळींत नाही. फेसबुकवर नुसते अंगठे येतात आणि कोणी काही लिहीत नाही, तर मजकूर जाहिरातीसारखा झाला आहे.

पावसामुळे जागा बदलली तर

जूनअखेरचा कार्यक्रम आहे, हे होऊ शकतं, आणि प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीची सोय वेगळी आहे. फेसबुकचा मजकूर कधीही बदलता येतो. इन्स्टाग्रामची कॅप्शन बदलते, पण टाकलेलं चित्र बदलून दुसरं लावता येत नाही. व्हॉट्सॲपचा संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांतच दुरुस्त होतो, आणि फॉरवर्ड झालेल्या प्रतींवर तर आपला काहीच ताबा नाही. म्हणून इन्स्टाग्रामच्या शेवटच्या चित्रात जागा लिहिताना ‘बदल असल्यास कॅप्शन पाहा’ अशी ओळ टाका. व्हॉट्सॲपच्या चित्रावर फोन नंबरशेजारी ‘निघण्याआधी एकदा विचारा’ असं लिहा. बदल झालाच तर व्हॉट्सॲपसाठी जुन्याच चित्राचा रंग पूर्ण बदलून, वर मोठ्या अक्षरांत ‘नवी जागा’ लिहून नवीन चित्र पाठवा. रंग तोच ठेवला तर लोकांना ते जुनंच वाटतं आणि ते न उघडता पुढे जातात.